दोन सेकंदांची फुंकर: ‘रिस्ट्रिक्शन’ लिहून आलेल्या एका स्पायरोमेट्रीचं प्रकरण

(रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि काही तपशील बदलले आहेत. छातीविकार विभागात नुकतीच पोस्टिंग सुरू झालेल्या विद्यार्थ्यांसाठी हे लिहिलं आहे.)

पार्श्वभूमी

सोमवारच्या ओपीडीत अठ्ठावन्न वर्षांच्या एक मावशी मुलाबरोबर आल्या. सातारा जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या गावच्या. उंची १४८ सेंमी, वजन ४४ किलो. दोन-अडीच वर्षांपासून चढावर धाप लागत होती. आता सपाट रस्त्यावरही बरोबरीच्या बायका पुढे निघून जायच्या आणि मावशींना मध्येच थांबावं लागायचं. सकाळी खोकला, थोडा पांढरा बेडका. ताप नाही, वजन उतरलेलं नाही, टीबीचं औषध कधी घेतलेलं नाही. विडी-सिगारेटचा प्रश्नच नव्हता. मिश्री लावायच्या, ती मुलाने सोडायला लावली होती. लग्न होऊन आल्यापासून स्वयंपाक मात्र चुलीवर, तोही धूर जायला धड जागा नसलेल्या मागच्या खोलीत.

मुलाने प्लॅस्टिकची फाइल उघडून सगळ्यात वरचा कागद पुढे केला. महिन्यापूर्वी एका शिबिरात केलेल्या स्पायरोमेट्रीचा तो रिपोर्ट होता आणि खाली यंत्राने छापलं होतं: ‘मॉडरेट रिस्ट्रिक्शन’. त्यावरून कोणीतरी “फुफ्फुसं आकसत चालली आहेत” असं सांगितलं होतं, प्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅम रोज सुरू केलं होतं आणि एचआरसीटी करून आणायला सांगितलं होतं. गोळ्यांना तीन आठवडे झाले होते. भूक वाढली होती, तोंड सुजल्यासारखं दिसत होतं, उपाशीपोटीची साखर १४२ आली होती. धाप होती तिथेच. पंप दिलेला नव्हता. मुलाने विचारलं तेव्हा “हा दमा नाही, पंपाचा उपयोग नाही” असं उत्तर मिळालं होतं.

मीही ओपीडीच्या कागदावर आधी ‘? आयएलडी’, म्हणजे फुफ्फुस तंतुमय करणाऱ्या आजाराची शंका, असंच लिहिलं. वय, धाप आणि छापील रिपोर्ट, तिन्हींची सांगड सहज बसत होती. स्टेथोस्कोप लावल्यावर ती सुटायला लागली.

अडचण

श्वास आत घ्यायला मावशींना फारसा त्रास नव्हता. सोडायला वेळ लागत होता. गळ्यावर स्टेथोस्कोप ठेवून जोरात श्वास सोडायला सांगितलं तर आवाज सहा सेकंदांनंतरही ऐकू येत होता. छाती पुढे-मागे फुगीर, ठोकल्यावर यकृताचा बद आवाज नेहमीपेक्षा खाली. उजव्या तळाशी थोडी खरखर होती, पण श्वास आत घेण्याच्या सुरुवातीलाच येणारी, जाडसर, आणि खोकल्यावर बरीचशी कमी होणारी. फुफ्फुस तंतुमय झालं की ऐकू येते ती खरखर वेगळी असते: बारीक, चपलेचा चिकटपट्टा सोडवताना होतो तसा आवाज, श्वास आत घेण्याच्या अखेरीस येणारा आणि खोकल्याने न हलणारा. बोटांचं क्लबिंग नव्हतं. एक्स-रेत पडदा सपाट आणि हृदयाची सावली उभट, अरुंद.

म्हणजे रुग्ण ‘हवा बाहेर पडत नाही’ असं सांगत होता आणि रिपोर्ट ‘हवा मावतच नाही’ असं. दोघांपैकी एक चुकत होता.

रिपोर्टवरचे आकडे असे होते. एफव्हीसी, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन जोराने शेवटपर्यंत सोडलेली एकूण हवा, १.२२ लिटर, अपेक्षेच्या ५८ टक्के. एफईव्ही१, म्हणजे त्यातली पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा, ०.९३ लिटर, अपेक्षेच्या ५५ टक्के. दोन्हींचं गुणोत्तर ०.७६. त्यांच्या वयाला गुणोत्तराची खालची मर्यादा ०.७० च्या आसपास येते, म्हणून यंत्राने ते नॉर्मल धरलं. एफव्हीसी कमी, गुणोत्तर नॉर्मल, म्हणून रिस्ट्रिक्शन. यंत्राच्या गणितात चूक नव्हती.

हे गणित कुठून येतं ते इथेच पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये स्पायरोमीटरवरचं आपलं काम प्रसिद्ध केलं तेव्हा ते फक्त ‘किती हवा’ मोजत होते. ती हवा ‘किती वेळात’ येते हा प्रश्न जवळपास शंभर वर्षांनी, १९४७ मध्ये, फ्रान्समध्ये टिफनो आणि पिनेली यांनी त्याला जोडला. आपण दोन आजार वेगळे ओळखतो ते या दुसऱ्या प्रश्नामुळे.

बारीक तोंडाचा मोठा हंडा पालथा केला तर पाणी असतं भरपूर, पण निघायला वेळ लागतो. ऑब्स्ट्रक्शनमध्ये असंच होतं. श्वासनलिका अरुंद झालेल्या असतात आणि त्यांना बाहेरून ताणून उघडं ठेवणारी फुफ्फुसाची लवचिक ओढही ढिली पडलेली असते. जोर लावला की लहान नलिका आणखी दबतात. पहिल्या सेकंदातली हवा खूप घटते आणि एकूण हवा तितकी घटत नाही, म्हणून गुणोत्तर पडतं. काही नलिका वेळेआधीच मिटतात, त्यांच्या मागची हवा आत अडकते आणि पूर्ण श्वास सोडल्यावरही उरणारा साठा, म्हणजे रेसिड्युअल व्हॉल्यूम किंवा आरव्ही, वाढतो.

रिस्ट्रिक्शन म्हणजे लहान लोटा. मावतंच कमी, पण तोंड मोकळं, त्यामुळे असेल ते भसकन बाहेर येतं. तंतुमय फुफ्फुस कडक असतं, त्याची ओढ जास्त असते आणि ती ओढ नलिकांना उघडंच ठेवते. एफईव्ही१ आणि एफव्हीसी बरोबरीने घटतात, गुणोत्तर नॉर्मल राहतं किंवा वर जातं.

पण लोटा लहान आहे हे स्पायरोमीटरला दिसत नाही. त्याला दिसते फक्त बाहेर आलेली हवा. आत किती उरली हे त्याला कळायला मार्ग नाही. रिस्ट्रिक्शनची व्याख्या टोटल लंग कपॅसिटी, म्हणजे टीएलसी, कमी असणं ही आहे आणि टीएलसीत आरव्ही धरलेला असतो. म्हणून एफव्हीसी कमी दिसली की शक्यता तीन: फुफ्फुस खरंच लहान आहे, हवा आत अडकली आहे, किंवा रुग्णाने शेवटपर्यंत श्वास सोडलाच नाही. आकड्यांच्या तक्त्यात तिन्ही एकसारख्याच दिसतात.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे रिपोर्ट मानून पुढे जाणं: एचआरसीटी, डिफ्युजनची तपासणी, संधिवाताशी संबंधित रक्ततपासण्या. मुलाची पैशाची तयारी होती. एचआरसीटीत फायब्रोसिस नाही हे कळलंही असतं. पण मग ‘धाप का?’ हा प्रश्न तसाच राहिला असता आणि तोवर गोळ्या चालू राहिल्या असत्या.

दुसरा पर्याय म्हणजे स्पायरोमेट्री बाजूला ठेवून लक्षणांवरूनच सीओपीडी धरून पंप सुरू करणं. गर्दीच्या ओपीडीत असं होतं, आणि खरं सांगायचं तर या मावशींच्या बाबतीत ते चुकलंही नसतं. पण ‘रिस्ट्रिक्शन’ लिहिलेला कागद फाइलमध्ये तसाच राहिला असता आणि पुढच्या डॉक्टरने तो वाचून पंप बंद केला असता.

तिसरा पर्याय थेट टीएलसी मोजण्याचा. त्यासाठी बॉडी बॉक्स किंवा हीलियम पद्धत लागते. आमच्याकडे ती सोय नाही, रुग्णाला दुसऱ्या शहरात पाठवावं लागतं.

चौथा पर्याय सगळ्यात स्वस्त होता: रिपोर्टची दुसरी बाजू पाहणं. पुढच्या बाजूला आकडे आणि निष्कर्ष, मागच्या बाजूला आलेख. मुलाने फाइलमध्ये ते पान पुढच्या कागदाला पाठ लावून घातलं होतं. माझ्याआधी ते कोणी उलटून पाहिलं असेल असं वाटत नाही.

काय केलं

दोन आलेख होते. एकात आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर बाहेर आलेली हवा. श्वास पूर्ण सुटला की ही रेघ वर चढून सपाट होते, पठारासारखी. मावशींची रेघ २.१ सेकंदांपर्यंत चढत होती आणि चढता चढताच थांबली होती. एटीएस आणि ईआरएस या संस्थांच्या २०१९ च्या निकषांप्रमाणे शेवटच्या एका सेकंदात २५ मिलीपेक्षा कमी वाढ असेल तर पठार आलं असं धरतात. पट्टी लावून पाहिलं तर इथे शेवटच्या सेकंदात अडीचशे मिलीच्या आसपास वाढ होती, मर्यादेच्या दहापट.

दुसरा आलेख प्रवाह आणि हवा यांचा. नॉर्मल माणसात शिखरानंतरची उतरण जवळपास सरळ येते. मावशींची शिखराखाली लगेच आत खोलगट गेली होती, झोळी लोंबावी तशी, आणि मग मध्येच कोयत्याने छाटल्यासारखी उभी खाली शून्यावर आली होती. ती झोळी म्हणजे ऑब्स्ट्रक्शन, आणि तो उभा काप म्हणजे अर्धवट सोडलेला श्वास. यंत्राने दिलेला निष्कर्ष आणि त्याच यंत्राने काढलेलं चित्र एकमेकांच्या विरोधात होते.

म्हणून त्याच दिवशी स्पायरोमेट्री पुन्हा केली. त्यांनी अजून कोणताही पंप घेतलेला नव्हता, त्यामुळे औषध थांबवून पुन्हा बोलावण्याची गरज पडली नाही.

आमचे तंत्रज्ञ काका या कामात बावीस वर्षं आहेत. नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली आणि “जोरात फुंका!” म्हटलं. मावशींनी गाल फुगवून एक कडक फुंकर मारली आणि थांबल्या. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा काकांनी यंत्र थांबवलं आणि विचारलं, “मावशी, घरी फुंकणी वापरता का?”

“वापरते की. तिच्याशिवाय चूल कशी पेटंल?”

प्रकार असा होता. ‘फुंका’ म्हटलं की मावशी फुंकणीत मारतात तशी फुंकर मारत होत्या: आखूड, जोरकस, निखारा फुलेल एवढी. चाळीस वर्षांची सवय. शिबिरातही तसंच झालं असणार, आणि तिथे रांग असल्यामुळे कोणी पुढे “अजून, अजून” म्हणत राहिलं नसणार. काकांनी शब्द बदलला. “फुंकायचं नाही. पोट भरून श्वास घ्या, मग एकदम सोडून द्या आणि मी थांबा म्हणेपर्यंत सोडतच राहा. संपला वाटला तरी सोडत राहा.” आधी स्वतः करून दाखवलं. मग मावशींच्या समोर बसून “सोडा सोडा सोडा, आहे अजून, आहे, आहे…” असं अकरा सेकंद म्हणत राहिले. नवव्या सेकंदाला पडद्यावरची रेघ आडवी झाली.

एकूण सहा प्रयत्न झाले. मध्ये खोकल्यामुळे एक बाद, दोन प्रयत्नांमध्ये दम खायला वेळ. ऑब्स्ट्रक्शन असलेल्या माणसाला इतका लांब श्वास सोडताना चक्कर येऊ शकते, म्हणून खुर्ची हाताची आणि घाई नाही. शेवटी स्वीकारण्याजोगे तीन प्रयत्न हाती आले. त्यांतल्या सर्वोत्तम दोन एफव्हीसींमध्ये ८० मिलीचा फरक होता. मुभा १५० मिलीपर्यंत असते.

| | शिबिरात | आमच्याकडे |
|---|---|---|
| श्वास सोडण्याचा वेळ | २.१ सेकंद | ११ सेकंद |
| एफईव्ही१ | ०.९३ लिटर (५५%) | ०.९५ लिटर (५६%) |
| एफव्हीसी | १.२२ लिटर (५८%) | १.७४ लिटर (८३%) |
| गुणोत्तर | ०.७६ | ०.५५ |

विद्यार्थ्यांना मी हा तक्ता बराच वेळ पाहायला लावते. एफईव्ही१ जागचा हललेला नाही. पहिला सेकंद दोन्ही वेळा नीटच झाला होता. फरक पडला तो पहिल्या सेकंदानंतर. गुणोत्तरात अंश तोच राहिला आणि छेद अर्ध्या लिटरने वाढला. शिबिरात छेद कापला गेल्यामुळे गुणोत्तर फुगून नॉर्मल दिसलं होतं आणि तोच कापलेला छेद एफव्हीसी म्हणून ‘कमी’ दिसला होता. एकाच चुकीने ऑब्स्ट्रक्शन लपवलं आणि रिस्ट्रिक्शन उभं केलं.

मग स्पेसरमधून सॅल्ब्युटॅमॉलचे चार झटके, एकूण ४०० मायक्रोग्रॅम, देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं. एफईव्ही१ १.०४ लिटर, एफव्हीसी १.८६, गुणोत्तर ०.५६. एफईव्ही१ मधली वाढ ९० मिलीची. जुन्या नियमाने १२ टक्के आणि २०० मिली, दोन्ही पार व्हायला हवेत. २०२१ च्या नियमाने वाढ अपेक्षित आकड्याच्या १० टक्क्यांहून जास्त हवी. इथे ती पाच टक्क्यांच्या थोडी वर होती. कोणत्याही नियमाने लक्षणीय नाही. पंपानंतरही गुणोत्तर ०.७० च्या खाली, सोबत धुराचा इतिहास आणि हळूहळू वाढलेली धाप, म्हणून निदान सीओपीडी. पंपानंतरचा एफईव्ही१ अपेक्षेच्या ६१ टक्के, म्हणजे गोल्डच्या वर्गवारीत दुसरी पायरी.

इथे एका विद्यार्थिनीने नेमका प्रश्न विचारला: “मॅडम, तीन आठवडे स्टेरॉइड चालू आहे, मग दमा असेल तर तो आधीच सुधारला नसेल का?” बरोबर होतं तिचं. स्टेरॉइडवर असलेल्या रुग्णात पंपाने वाढ झाली नाही म्हणून दमा नाही, असं म्हणता येत नाही. दमा मागे पडला तो इतर गोष्टींमुळे: लहानपणापासून काही त्रास नाही, धाप दिवसागणिक कमी-जास्त होत नाही, रात्री जाग येत नाही, आणि तीन आठवड्यांच्या स्टेरॉइडनंतरही गुणोत्तर ०.५५. स्पायरोमेट्री ‘ऑब्स्ट्रक्शन आहे’ एवढं सांगते. ते कशामुळे, हे रुग्णाशी बोलूनच कळतं.

त्याच आठवड्यातला दुसरा रुग्ण

बुधवारी चौसष्ट वर्षांचे एक निवृत्त गृहस्थ आले, कोरडा खोकला आणि धाप घेऊन. बोटांना क्लबिंग, दोन्ही तळांना तीच चिकटपट्ट्याची बारीक खरखर. एफव्हीसी १.६२ लिटर, अपेक्षेच्या ५२ टक्के, एफईव्ही१ १.४१ लिटर, ५९ टक्के; गुणोत्तर ०.८७. रिपोर्टवर यंत्राने तांबड्या अक्षरांत इशारा दिला होता: श्वास सहा सेकंदांपेक्षा कमी.

सोमवारचं ताजं असल्यामुळे विद्यार्थी एका सुरात म्हणाले, “अर्धवट सोडलाय, पुन्हा करू.”

मी आलेख पाहायला सांगितला. रेघ अडीच सेकंदांतच सपाट झाली होती आणि पुढचे दीड सेकंद आडवी चालली होती. प्रवाहाचा आलेख उंच, अरुंद, उतरण सरळ किंचित बाहेर फुगलेली, शून्यावर अलगद टेकलेली. झोळी नाही, काप नाही. या गृहस्थांनी श्वास पूर्ण सोडला होता. सोडायला होतंच तेवढं. सहा सेकंदांची अट २००५ च्या निकषांत होती. २०१९ मध्ये ती काढून पठाराला महत्त्व दिलं, पण पुष्कळ यंत्रांमध्ये अजून जुनीच सूचना चालू असते. कडक फुफ्फुस लवकर रिकामं होतं, म्हणून खऱ्या रिस्ट्रिक्शनमध्ये सेकंद कमी भरणं अपेक्षितच आहे.

पुढे त्यांची टीएलसी अपेक्षेच्या ५६ टक्के आली आणि एचआरसीटीत तळाकडे फायब्रोसिस दिसला. एफव्हीसीची टक्केवारी पाहिली तर मावशींचा शिबिरातला रिपोर्ट आणि यांचा रिपोर्ट शेजारी-शेजारी बसतात: ५८ आणि ५२. दोघांचाही श्वास सहा सेकंदांच्या आत आटोपलेला. वेगळं होतं ते एवढंच, की एकाची रेघ टेकली होती आणि एकीची तुटली होती.

निकाल

मावशींची स्टेरॉइडची गोळी आठ-दहा दिवसांत कमी करत बंद केली. ग्लायकोपायरोनियम आणि फॉर्मोटेरॉलचा एकत्र पंप स्पेसरबरोबर सुरू केला आणि तो घ्यायला काकांनीच शिकवलं. इथे पुन्हा ‘ओढा’ आणि ‘फुंका’ यांचा घोळ झाला. पहिल्या वेळी त्यांनी स्पेसरमध्ये फुंकलं. फ्लू आणि न्यूमोकोकसची लस दिली. एचआरसीटी केलं नाही.

टीएलसीची तपासणी मात्र मी करून घेतली. दोन आठवड्यांनी त्या शहरात जाऊन आल्या. टीएलसी ४.०५ लिटर, अपेक्षेच्या १०९ टक्के, आरव्ही २.२५ लिटर, १४१ टक्के. ‘आकसलेल्या’ म्हटल्या गेलेल्या फुफ्फुसांत प्रत्यक्षात जास्त हवा कोंडलेली होती.

तीन महिन्यांनी साखर पूर्ववत होती, सपाट रस्त्यावर थांबावं लागत नव्हतं, चढावर लागत होतं. एफईव्ही१ १.०६ लिटर. सीओपीडीत हा आकडा फारसा वर जात नाही. रुग्णाला बरं वाटतं ते मुख्यतः अडकलेली हवा थोडी मोकळी झाल्यामुळे. घरी गॅस आला होता. चहा-भाजी त्यावर, भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर. मुलगा तक्रारीच्या सुरात सांगत होता आणि मावशी दुसरीकडे बघत होत्या.

कुठे वेगळं करता आलं असतं

टीएलसीबद्दल मी स्वतःशी अजून वाद घालते. दुसऱ्या स्पायरोमेट्रीत एफव्हीसी ८३ टक्के, नॉर्मल मर्यादेत आली होती. नीट सोडलेल्या श्वासात एफव्हीसी नॉर्मल असेल तर रिस्ट्रिक्शन असण्याची शक्यता फारच थोडी उरते. १९९९ मध्ये अठराशेहून जास्त रुग्णांची स्पायरोमेट्री आणि टीएलसी ताडून पाहिली गेली, तेव्हा एफव्हीसी नॉर्मल असलेल्यांत रिस्ट्रिक्शन निघालं ते अडीच टक्क्यांहूनही कमी जणांत. उलट एफव्हीसी कमी असलेल्यांतही निम्म्याहून कमी जणांतच खरं रिस्ट्रिक्शन सापडलं. म्हणजे स्पायरोमेट्री रिस्ट्रिक्शन नाकारायला उत्तम आणि सिद्ध करायला कच्ची. त्या हिशेबाने मावशींचा प्रवास आणि खर्च वाचवता आला असता. तपासणीचा उपयोग झाला तो आम्हाला शिकवायला आणि मुलाची भीती घालवायला. दुसऱ्यांदा असा रुग्ण आला तर मी पाठवणार नाही.

पाठवावंच लागलं असतं ते वेगळ्या परिस्थितीत. समजा पूर्ण अकरा सेकंद सोडूनही एफव्हीसी ६० टक्केच आली असती आणि गुणोत्तर ०.५५ असतं, तर यंत्राने ‘मिश्र’ असं छापलं असतं. तो शब्द पाहून विद्यार्थी दोन्ही आजार आहेत असं धरतात. बहुतेकदा आजार एकच असतो आणि एफव्हीसी अडकलेल्या हवेमुळे खाली आलेली असते. तिथे टीएलसीशिवाय निवाडा होत नाही. जुन्या टीबीचे व्रण असलेल्या रुग्णांत तर नक्कीच नाही, कारण टीबी फुफ्फुस आकसवतोही आणि नलिका अरुंदही करतो.

दुसरी गोष्ट अपेक्षित आकड्यांची. यंत्रात कोणत्या लोकसंख्येचं समीकरण निवडलं आहे हे रिपोर्टच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतं. युरोपीय गोऱ्या लोकांचं समीकरण तसंच ठेवलं तर आपल्याकडच्या निरोगी माणसाचीही एफव्हीसी टक्केवारीत कमी दिसते आणि ‘माइल्ड रिस्ट्रिक्शन’ फुकट पदरात पडतं. गुणोत्तर यात फारसं बदलत नाही, म्हणून ऑब्स्ट्रक्शनचं निदान या चुकीतून सहसा वाचतं. उंचीही विचारून नव्हे, मोजून लिहायची. आमच्या ओपीडीत लोक अंदाजानेच उंची सांगतात.

तिसरी चूक माझी. कागद पाहून ‘? आयएलडी’ लिहिलं, ते रुग्णाला तपासण्याआधी. त्यात प्रश्नचिन्ह होतं, पण सोबत असलेल्या इंटर्नने ते प्रश्नचिन्ह न पाहता एचआरसीटीचा फॉर्म अर्धा भरलाही होता. आता मी रिपोर्ट आधी उलटा करते. रेघ टेकली आहे का, उतरण सरळ आहे की झोळीसारखी, दोन-तीन प्रयत्न एकमेकांवर बसतात का, एवढं पाहिल्यावर मग गुणोत्तर, मग एफव्हीसी, आणि सगळ्यात शेवटी यंत्राने छापलेलं वाक्य.

उजव्या तळाची ती थोडी खरखर तिसऱ्या महिन्यातही होती. खोकल्यावर कमी होते, एक्स-रेत काही नवीन नाही, बेडका वाढलेला नाही. तिथल्या नलिका थोड्या रुंदावल्या असतील, म्हणजे ब्राँकिएक्टेसिस, अशी मला शंका आहे. बेडका वाढला किंवा त्यात रक्त दिसलं, तर तेव्हा टाळलेलं एचआरसीटी करू, असं फाइलवर लिहून ठेवलं आहे.